बुकमार्क आणि पासवर्डचं सिंक कोणाचं ऐकतं? फायरफॉक्सच्या आत डोकावून

घरच्या लॅपटॉपवर एक जुना फोल्डर पुसून टाकला. संध्याकाळी बघावं तर त्यातले दोन बुकमार्क थेट टूलबारवर येऊन बसलेले. बाकीचे अडतीस कुठे गेले? आणि हे दोनच का परत आले? असं झालं की आपण "सिंक बिघडलं" म्हणतो आणि खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत जातो. पण सिंक बिघडलेलं नसतं, ते ठरलेल्या नियमांप्रमाणेच वागलेलं असतं. आणि बाहेर जाऊन परत येण्याने गोंधळ बहुतेक वेळा वाढतो. तो का वाढतो, ते पुढे येईलच.

हे नियम पाहायला मी फायरफॉक्स घेतलाय, कारण त्याचा कोड उघडा आहे आणि निर्णय कुठे कसा होतो ते वाचता येतं. बुकमार्क जुळवण्याचं काम तिथे रस्ट भाषेत लिहिलेली डॉगइअर नावाची लायब्ररी करते. पुस्तकाच्या पानाचा कोपरा खुणेसाठी दुमडतात, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. संगणकावर आणि फोनवर तीच लायब्ररी चालते, त्यामुळे एकदा नियम कळले की दोन्हीकडे लागू पडतात. क्रोमचं थोडं वेगळं आहे, त्याबद्दल शेवटाकडे.

सर्व्हर निर्णय घेत नाही

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं की सगळी डिव्हाइसं आपापली यादी सर्व्हरला देतात, सर्व्हर त्या एकत्र करतो आणि परत वाटतो. फायरफॉक्समध्ये सर्व्हरला हे करताच येत नाही. तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड डिव्हाइसवरच कुलूपबंद होतात आणि त्याची किल्ली तुमच्या खात्याच्या पासवर्डमधून तयार होते. सर्व्हरकडे असतात ती नुसती बंद पाकिटं. पाकिटावर एक ओळखक्रमांक आणि ते सर्व्हरवर केव्हा पोचलं ती वेळ, एवढंच त्याला वाचता येतं.

म्हणजे सर्व्हर हा पोस्टाचा कप्पा आहे. तंटा सोडवायचा तो प्रत्येक डिव्हाइसने स्वतः, पाकिटं घरी आणून, उघडून. तुम्ही खात्याचा पासवर्ड विसरलात आणि साध्या पद्धतीने रीसेट केलात, तर जुनी किल्ली जाते, सर्व्हरवरची जुनी पाकिटं कोणालाच उघडत नाहीत आणि साठा नव्याने भरावा लागतो. तो भरतात तुमची जोडलेली डिव्हाइसं. म्हणून एकुलता एक फोन हरवल्यावर पासवर्ड रीसेट करणं हा वाईट क्रम आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये रिकव्हरी की मिळते, ती आधीच कागदावर लिहून कपाटात ठेवा.

पाकिटात काय असतं

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: बुकमार्कच्या नोंदीत आणि फोल्डरच्या नोंदीत नेमकं काय लिहिलेलं असतं. टूलबारची नोंद उघडली तर साधारण अशी दिसते (काही रकाने गाळलेत):

```json
{
  "id": "toolbar",
  "type": "folder",
  "parentid": "places",
  "children": ["Qx7aB2mN9kLp", "t4Rw8ZcY1sDf"]
}
```

ती बारा अक्षरं म्हणजे बुकमार्कचा ओळखक्रमांक. बुकमार्क तयार होतो तेव्हा तो त्या डिव्हाइसवर यदृच्छया बनतो. बुकमार्कच्या स्वतःच्या नोंदीत नाव, पत्ता, टॅग आणि आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते असतं. पण त्या फोल्डरमध्ये आपण कितवे, हे बुकमार्कला माहीत नसतं. तो क्रम फोल्डरच्या `children` यादीत असतो.

यातून लगेच दोन गोष्टी निघतात. एकाच फोल्डरात बुकमार्क वरखाली सरकवला तर फक्त फोल्डरची नोंद बदलते. दुसऱ्या फोल्डरात हलवला तर तीन नोंदी बदलतात: जुना फोल्डर, नवा फोल्डर आणि बुकमार्क स्वतः. ही तीनही पाकिटं सर्व्हरवर एकत्र पोचली पाहिजेत. एक पोचलं आणि नेट गेलं, तर दुसऱ्या डिव्हाइसला असा फोल्डर दिसेल ज्याच्या यादीत मूल आहे पण मूल म्हणतंय "मी तिकडे राहतो". पूर्वी अशा अर्धवट चढवण्यामुळे बुकमार्क पोरके व्हायचे. आता पाकिटं गठ्ठ्याने जातात आणि शेवटचं पोचेपर्यंत सर्व्हर त्यातलं काहीच दुसऱ्यांना दाखवत नाही. शिवाय चढवताना डिव्हाइस सांगतं, "मी शेवटचं पाहिलं त्यानंतर इथे कोणी काही बदललं असेल तर माझं घेऊ नकोस." मध्येच फोनने काही चढवलेलं असेल तर सर्व्हर 412 हा नकार देतो, मग लॅपटॉप फोनचे बदल खाली आणतो, पुन्हा जुळवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तुमच्या लॉगमध्ये कधी 412 दिसला तर घाबरू नका, दोन डिव्हाइसं एकाच वेळी दारात आली एवढाच त्याचा अर्थ.

तरीही एखादा बुकमार्क पोरका सापडलाच, तर तो Other Bookmarks मध्ये जाऊन पडतो. हरवलेला बुकमार्क शोधायचा असेल तर मी आधी तिथेच बघतो.

आठवण: शेवटचं एकमत काय झालं होतं

समजा लॅपटॉपवर एक बुकमार्क आहे आणि सर्व्हरवर तो नाही. याचे दोन अर्थ निघतात. एकतर लॅपटॉपवर तो नवा बनलाय आणि सर्व्हरवर जायचाय, नाहीतर फोनवर तो पुसला गेलाय आणि लॅपटॉपवरूनही जायला हवा. नुसत्या दोन याद्या शेजारी ठेवून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी आठवण लागते.

फायरफॉक्स ही आठवण तीन जागी ठेवतो. प्रत्येक बुकमार्कसमोर एक बदल-मोजणी असते. तुम्ही काही केलंत की ती वाढते, सिंक पार पडलं की शून्य होते. दुसरी, पुसलेल्या बुकमार्कचं "थडगं": बुकमार्क गेला तरी त्याचा ओळखक्रमांक एका वेगळ्या तक्त्यात राहतो आणि "हा मेला" अशी नोंद सर्व्हरवर जाते. तिसरी, सर्व्हरवर काय आहे त्याची घरातली प्रत. तिला इंजिनिअर आरसा म्हणतात. संगणकावर ती प्रोफाइलच्या `weave` फोल्डरात `bookmarks.sqlite` या नावाने असते.

सिंकच्या वेळी डॉगइअर दोन झाडं उभी करतं. एक इथलं, एक आरशातलं. मग मुळापासून खाली उतरत जोडीजोडीने विचारतं: या फांदीत इथे काही बदललंय का? तिथे काही बदललंय का? कुठेच नसेल तर पुढे. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचं घ्यायचं. खरा निर्णय लागतो तो दोन्हीकडे बदल असतो तेव्हाच, आणि असे प्रसंग आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतात.

तुमच्या लॅपटॉपवर सध्या काय चढायचं बाकी आहे ते बघायचं असेल तर फायरफॉक्स बंद करा, प्रोफाइलमधल्या `places.sqlite` ची कॉपी काढा (मूळ फाइलला हात लावू नका) आणि कॉपीवर हे चालवा:

```sql
SELECT title, syncStatus, syncChangeCounter
FROM moz_bookmarks
WHERE syncChangeCounter > 0;
```

इथे `syncStatus` 1 असेल तर तो बुकमार्क सर्व्हरने अजून पाहिलेलाच नाही. 2 असेल तर पूर्वी सिंक झालेला आहे आणि त्यानंतर बदललाय. सिंक होऊनही तीच नावं तासन्‌तास इथे अडकून दिसत असतील तर मात्र खरंच काहीतरी अडलंय, आणि मग `about:sync-log` उघडून चुकांच्या फाइली वाचायच्या.

आता बाहेर जाऊन परत येण्याबद्दल. खातं डिस्कनेक्ट केलं की बुकमार्क डिव्हाइसवर राहतात, पण ही सगळी आठवण पुसली जाते. परत जोडलं की इथला प्रत्येक बुकमार्क "नवा" ठरतो. मधल्या काळात तुम्ही फोनवर वीस बुकमार्क पुसले असतील तर त्यांची थडगी सर्व्हरवर आहेत. पण लॅपटॉप म्हणतो, "माझ्याकडे हे नवे कोरे आहेत, मी बदल केलाय." बदल विरुद्ध पुसणं या भांडणात बुकमार्कच्या बाबतीत बदल जिंकतो. वीसच्या वीस परत. तेव्हा "साइन आउट करून बघ" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकण्याआधी बॅकअप काढा.

तो पुसलेला फोल्डर: नेमकं काय झालं

सुरुवातीचं उदाहरण आता सोडवू. टूलबारवर "पाककृती" नावाचा फोल्डर, त्यात 39 बुकमार्क, सगळीकडे सिंक झालेला. सकाळी तुम्ही लॅपटॉपवर फोल्डर पुसला आणि सिंक झालं. सर्व्हरवर चाळीस थडगी गेली: एक फोल्डरचं, 39 आतल्यांची. फोन मात्र सकाळपासून नेटशिवाय होता. त्यावर कोणीतरी "उकडीचे मोदक" या बुकमार्कचं नाव बदलून "मोदक, आजीची पद्धत" केलं आणि "पाककृती" फोल्डरातच एक नवा बुकमार्क टाकला.

संध्याकाळी फोनला नेट मिळालं. फोनवरचं डॉगइअर फोल्डरपाशी येतं. फोल्डर तिकडे पुसलाय, इकडे बदललाय (यादीत नवं मूल आलं म्हणून). फोल्डरसाठी नियम असा: पुसणं मान्य करायचं, इकडे काही बदल असला तरी. फोल्डर गेला.

मग आतली मुलं एकेक करून. 38 मुलांना फोनवर कोणी हात लावलेला नाही आणि तिकडे त्यांची थडगी आहेत, म्हणून ती गेली. "मोदक" तिकडे पुसलाय पण इकडे बदललाय. साध्या बुकमार्कसाठी नियम उलटा आहे: बदल जिंकतो, थडगं रद्द. तो जिवंत झाला. नव्या बुकमार्कचं थडगं नाहीच, तोही जिवंत. पण या दोघांचं घर तर गेलं. अशा पोरक्यांना वर जाताना जो पहिला जिवंत फोल्डर लागेल त्यात ठेवतात, आणि इथे तो टूलबार होता.

म्हणून 38 गेले आणि दोन टूलबारवर आले. फोल्डरच जिवंत का नाही करत? कोडमध्ये त्याचं कारण सरळ लिहिलंय: अर्धा फोल्डर जिवंत करण्यापेक्षा पोरकी मुलं वर हलवणं सोपं पडतं. मला व्यक्तिशः हा निर्णय पटतो. कोणीतरी फोल्डर पुसला म्हणजे तो नकोच होता, हे जवळपास नक्की. पण कोणी मेहनत घेऊन नाव बदललं असेल तर ते फेकू नये. अशा वेळी एक गोष्ट हरवण्यापेक्षा दोन जास्त दिसलेली बरी.

खूण अशी: काही मोजके बुकमार्क अचानक एक पायरी वर आलेले दिसले आणि त्यांचा जुना फोल्डर दिसत नसेल, तर एका डिव्हाइसवर फोल्डर पुसला गेला आणि दुसऱ्यावर त्याच काळात ते बदलले. बाकीचे हवे असतील तर ते फक्त बॅकअपमध्येच मिळतील.

"नंतरचा बदल" म्हणजे नक्की कधीचा

दोन्हीकडे एकच बुकमार्क बदलला तर काय? तेव्हा ज्याचं वय कमी तो जिंकतो. पण वय मोजण्यात एक गंमत आहे, आणि पुष्कळ "असं कसं झालं?" तिथेच उलगडतात.

इथल्या बदलाचं वय म्हणजे तुम्ही टाइप केल्यापासून गेलेला वेळ. तिथल्या बदलाचं वय म्हणजे पाकीट सर्व्हरवर पोचल्यापासून गेलेला वेळ, टाइप केल्यापासूनचा नव्हे. प्रत्येक वय आपापल्या घड्याळाने मोजतात, त्यामुळे एखाद्या लॅपटॉपचं घड्याळ दोन तास पुढे असलं तरी फारसं बिघडत नाही. ही सोय चांगली आहे. पण उशिरा पोचलेलं पाकीट मात्र तरुण दिसतं.

उदाहरण घ्या. बुकमार्कचं नाव "वीज बिल". लॅपटॉपवर 8:00 वाजता तुम्ही ते "बिल भरणा" केलं, तेव्हा वायफाय नव्हतं. 9:30 ला वायफाय आलं आणि ते चढलं. फोनवर 9:00 वाजता घरातल्या कोणीतरी त्याच बुकमार्कला "वीज बिल, गावचं घर" असं नाव दिलं. फोनला नेट मिळालं 18:00 ला. त्या क्षणी फोनच्या हिशेबात आपला बदल नऊ तासांचा, सर्व्हरवरचा साडेआठ तासांचा. जिंकला "बिल भरणा". खरं तर तो आधी टाइप झाला होता.

आणि जिंकतो तो सगळा बुकमार्क, एखादा रकाना नव्हे. लॅपटॉपवर नाव बदललं आणि फोनवर पत्ता बदलला, तर दोन्ही टिकावेत असं आपल्याला वाटतं. बुकमार्कमध्ये तसं होत नाही, एका बाजूची पूर्ण नोंद राहते. दुसऱ्या फोल्डरात हलवणंही बुकमार्कच्याच नोंदीत येतं, म्हणून एकीकडे नाव बदललं आणि दुसरीकडे हलवलं तरी हाच धोका आहे. त्याच फोल्डरात वरखाली करण्याला मात्र तो नाही, कारण तो क्रम फोल्डरकडे असतो.

याचा व्यवहारातला उपयोग एकच: मोठी साफसफाई एकाच डिव्हाइसवर बसून करा. सुरू करण्याआधी बाकीची डिव्हाइसं एकदा उघडून त्यांचं सिंक होऊ द्या, आणि साफसफाई होईपर्यंत त्यांना हात लावू नका. वापरात असलेल्या फायरफॉक्सचं सिंक साधारण दहा मिनिटांनी होतं, नुसता पडून असेल तर तासाने. मेनूतून Sync now दाबलं की लगेच होतं.

पहिल्यांदा जोडताना: दुप्पट का होतात

नवा लॅपटॉप जोडला आणि बुकमार्क दुप्पट झाले, ही तक्रार सगळ्यात जुनी. इथे ओळखक्रमांक कामाचे नाहीत, कारण दोन लॅपटॉपवर तोच पत्ता वेगवेगळ्या क्रमांकांनी जतन झालेला असतो. म्हणून डॉगइअर मजकुरावरून जुळवणी करतं. बुकमार्कसाठी नाव आणि पत्ता दोन्ही सारखे हवेत, फोल्डरसाठी नाव. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: दोघं एकाच फोल्डरात हवेत. जुळले की नव्या डिव्हाइसवरचा बुकमार्क आपला क्रमांक टाकून सर्व्हरवरचा घेतो, आणि त्यानंतर ते दोघं एकच.

समजा घरच्या लॅपटॉपच्या टूलबारवर "बँक" फोल्डरात तीन बुकमार्क आहेत, ऑफिसच्या लॅपटॉपच्या टूलबारवर "बँक" फोल्डरात दोन, त्यातला एक सामाईक. जोडल्यावर एकच "बँक" फोल्डर, त्यात चार. अगदी हवं तसं.

पण ऑफिसमध्ये हाच फोल्डर टूलबारऐवजी बुकमार्क मेनूत असेल तर दोन्ही राहतात. फोनवर साठवलेले बुकमार्क तर बहुधा मोबाइल बुकमार्कच्या वेगळ्या फोल्डरात जातात, म्हणून तेच पान लॅपटॉपवर आणि फोनवर खूण केलं तर ते दोनदाच दिसणार. याला चूक म्हणता येत नाही. दोन जागी मुद्दाम ठेवलेला बुकमार्क गुपचूप पुसणं त्याहून वाईट ठरलं असतं.

मराठी माणसाला इथे एक खास खड्डा आहे. "बँक" आणि "बॅंक" पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, पण पहिल्यात चंद्रबिंदू हे एक अक्षरचिन्ह आहे आणि दुसऱ्यात अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी दोन. "ऱ्हस्व" मधला ऱ एका कळफलकावर एकच चिन्ह असतो, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता, आणि दिसायला दोन्ही सारखेच. फोनचा कळफलक एक आणि लॅपटॉपवरचा दुसरा, म्हणजे झालंच. जुळवणी चिन्हाला चिन्ह अशी होते, नाव वेगळं म्हणजे फोल्डर वेगळा. शेवटी राहिलेली रिकामी जागाही पुरते. पत्त्याचंही तसंच: `http` आणि `https`, `www` असलेला आणि नसलेला, मागे `utm_source` चं शेपूट लागलेला, हे सगळे वेगवेगळे पत्ते.

म्हणून जोडण्याआधी हा क्रम पाळा. दोन्ही संगणकांवर Ctrl+Shift+O ने बुकमार्कांची खिडकी उघडा, Import and Backup मधून Backup घेऊन JSON फाइल वेगळ्या जागी ठेवा. मग मुख्य फोल्डरांची नावं दोन्हीकडे सारखी करा. हाताने टाइप करू नका, एका डिव्हाइसवरून दुसऱ्याला ईमेल करून तिथून कॉपी-पेस्ट करा, म्हणजे अक्षरचिन्हं तीच येतील. फोल्डर दोन्हीकडे एकाच जागी हलवा. त्यानंतर जास्त नीटनेटकं असलेलं डिव्हाइस आधी जोडा, सिंक पूर्ण होऊ द्या, आणि मग दुसरं. जुळवणी पहिल्या भेटीतच होते. एकदा दोघांचे वेगळे क्रमांक सर्व्हरवर रुळले की पुढे नावं सारखी केलीत तरी ते एक होत नाहीत, हातानेच पुसावे लागतात.

HTML फाइल इंपोर्ट करून "हरवलेले परत आणू" असा विचार असेल तर थांबा. इंपोर्ट भर घालतं, म्हणजे दुप्पट होणारच. Restore उलट वागतं: सगळं पुसून बॅकअपमधलं ठेवतं आणि तेच खरं मानून बाकीच्या डिव्हाइसवरही पाठवतं. फायरफॉक्स संगणकावर स्वतःहून 15 बॅकअप `bookmarkbackups` फोल्डरात ठेवतो. त्यातला हवा त्या तारखेचा निवडून Restore करता येतो, पण त्या तारखेनंतर कोणत्याही डिव्हाइसवर केलेली भर जाणार, हे पक्कं समजून. वरच्या उदाहरणातले 38 बुकमार्क परत आणताना आधी आजच्या स्थितीचा बॅकअप घ्या, मग जुना Restore करा आणि मोदकवाले दोन हाताने पुन्हा टाका.

पासवर्डची गोष्ट साधी, पण चूक महाग

पासवर्डला फोल्डर नाहीत, क्रम नाही. त्यामुळे झाडाची कटकट संपते आणि प्रश्न उरतो दोनच: हे दोन पासवर्ड एकाच लॉगिनचे आहेत का, आणि असतील तर कोणता खरा?

ओळख ठरते ती साइटचा मूळ पत्ता, फॉर्म जिथे जमा होतो तो पत्ता आणि वापरकर्ता नाव यांवरून. पासवर्ड स्वतः त्यात धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, नाहीतर पासवर्ड बदलला की नवी नोंद झाली असती. पण यातून नेहमीचा घोळ होतो: `https://example.com` आणि `https://login.example.com` ही दोन वेगळी लॉगिनं. एकाच साइटवर तुम्ही कधी ईमेलने आणि कधी मोबाइल नंबरने आत जात असाल तर तीही दोन. वापरकर्ता नाव रिकामं ठेवून साठवलेलं तर तिसरं. एका नोंदीत पासवर्ड बदलला की दुसऱ्या तशाच जुन्या राहतात. मग फोन त्यातली जुनी भरतो आणि आपण म्हणतो "सिंक झालं नाही". झालं होतं, पण वेगळ्या नोंदीत.

ओळखायचं असं: `about:logins` उघडा, साइटचं नाव शोधा, यादी शेवटच्या बदलाप्रमाणे लावा. एकाच साइटच्या दोन-तीन नोंदी आणि तारखांत मोठं अंतर दिसलं तर हेच झालंय. पुसण्याआधी नव्या तारखेच्या पासवर्डने खरंच आत जाऊन बघा. मग जुन्या नोंदी एकाच डिव्हाइसवर पुसा आणि सिंक होऊ द्या.

दोन्हीकडे एकच नोंद बदलली असेल तर संगणकावरचं फायरफॉक्स पुन्हा वयच बघतं, वर सांगितलेल्या पोचण्याच्या वेळेसकट, आणि पूर्ण नोंद घेतं. इथे पुसणंही याच तागडीत तोललं जातं: नंतरचं पुसणं आधीच्या बदलाला हरवू शकतं. बुकमार्कसारखा "बदल नेहमी जिंकतो" असा दिलासा इथे नाही. फोनवरच्या नव्या इंजिनाकडे मात्र शेवटच्या एकमताची प्रत असते, त्यामुळे ते रकान्यारकान्याने जुळवतं. एकीकडे वापरकर्ता नाव दुरुस्त केलं आणि दुसरीकडे पासवर्ड बदलला, तर दोन्ही टिकतात. किती वेळा वापरला याची संख्याही बेरजेने वाढते.

हरलेला पासवर्ड कुठेही ठेवला जात नाही, "आधीचे पासवर्ड" अशी यादी नाही. म्हणून महत्त्वाचा पासवर्ड बदलताना माझी सवय अशी: बदलतो त्याच डिव्हाइसवर Sync now दाबतो, मग दुसऱ्या डिव्हाइसवर तेच करतो आणि तिथून एकदा लॉगिन करून बघतो. त्या दोन मिनिटांत तिसऱ्या कोणी काही करू नये, एवढं घरात सांगून ठेवतो. मोठ्या फेरफाराआधी `about:logins` मधून CSV काढता येते, पण त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, तेव्हा काम झालं की ती पुसायला विसरू नका. डाउनलोड फोल्डर कोणत्या क्लाउडला जोडलेला आहे का तेही पाहा.

क्रोम वापरत असाल तर

तिथेही पहिल्या भेटीत जुळवणी त्याच फोल्डरात नाव आणि पत्त्यावरूनच होते, तेव्हा फोल्डरांची नावं सारखी करण्याचा सल्ला तिथेही चालतो. बुकमार्क एकीकडे पुसला आणि दुसरीकडे बदलला तर बदल राहतो, हेही तसंच. फरक पडतो तो दोन्हीकडे बदललं असेल तेव्हा. क्रोम वय मोजत बसत नाही, सर्व्हरवरचं घेतो. थोडक्यात, ज्याने आधी चढवलं तो जिंकतो आणि नंतर आलेल्याचा बदल जातो. वरच्या वीज बिलाच्या उदाहरणात उत्तर तेच आलं असतं. पण फोनवरचा बदल दुपारी दोनचा असता तर फायरफॉक्समध्ये फोन जिंकला असता आणि क्रोममध्ये लॅपटॉपच.

आत काय चाललंय ते बघायला `chrome://sync-internals` हे पान आहे. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीची स्थिती दिसते, आणि एखादा प्रकार अडलेला असेल तर तिथे कळतं. आपोआप पंधरा बॅकअपांची सोय तिथे नाही, म्हणून क्रोमवर साफसफाईआधी बुकमार्क व्यवस्थापकातून HTML निर्यात करून ठेवा. आणि एकाच ब्राउझरमध्ये त्याच्या स्वतःच्या सिंकबरोबर बुकमार्क सिंक करणारं दुसरं एक्स्टेन्शन लावलेलं असेल तर त्यातलं एक आजच बंद करा. दोघांचे ओळखक्रमांक वेगळे, दोघांच्या आठवणी वेगळ्या. एकाने पुसलेलं दुसरा नवं समजून परत टाकतो, आणि हे दिवसभर चालू राहतं.